ठेवीदार आणि भागीदार

जागतिक बचत दिन आपल्याकडे ३० ऑक्टोबरला पाळतात. त्या सुमारास पुष्कळ शाळांना दिवाळीची सुट्टी असते, त्यामुळे भाषण आठ-पंधरा दिवस पुढेमागे सरकते, इतकेच. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेष उरकले की एखादे शिक्षक किंवा बँकेतून आलेले पाहुणे पाच-सात मिनिटे बोलतात. भाषणाचा साचा ठरलेला असतो: थेंबे थेंबे तळे साचे, खाऊचे पैसे, मातीचा गल्ला, पासबुक. गेल्या काही वर्षांत या साच्याला एक नवे शेपूट फुटले आहे. नुसत्या बचतीने भागत नाही, गुंतवणूक करायला शिका, असे सांगून वक्ता एसआयपीचा एखादा हिशेब ऐकवतो. महिन्याला इतके टाका, तीस वर्षांनी इतके कोटी घ्या. मुले कोटीचा आकडा ऐकून टाळ्या वाजवतात आणि रांगेने वर्गात जातात. जाताना त्यांच्या मनात जे चित्र राहते ते असे की आठवीनंतर नववी यावी तशी बचतीनंतर गुंतवणूक येते. काम तेच, फक्त फळ मोठे. हे चित्र चुकीचे आहे. बचत आणि गुंतवणूक यांत पायऱ्यांचा फरक नाही, जातीचाच फरक आहे आणि तो व्याजाच्या टक्क्यात सापडत नाही. बचतीत आपले कोणाकडे तरी ठरलेले येणे असते. गुंतवणुकीत आपण कशाच्या तरी बऱ्यावाईट फळाचे वाटेकरी असतो. परिपाठातल्या पाच मिनिटांत एवढी एक गोष्ट नीट सांगता आली तरी पुरे, आणि ती सांगण्यासाठी शेअर बाजाराकडे जाण्याचीही गरज नाही.

कारण तिचे उत्तम उदाहरण निम्म्याअधिक मुलांच्या घरात असते: आईचा बचत गट. नाबार्डने १९९२ साली असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, आणि आज महाराष्ट्रात असे गाव सापडणे अवघड की जिथे एकही गट नाही. समजा, एका गटात दहा बायका आहेत आणि प्रत्येकजण महिन्याला शंभर रुपये भरते. वर्षाअखेर गटाकडे बारा हजार जमले. त्यातले दहा हजार एका सभासद बाईंनी शिलाई यंत्रासाठी कर्जाऊ घेतले. व्याज महिन्याला शेकडा दोन, उरलेल्या रकमेवर, आणि मुद्दल दरमहा एक हजार फेडायचे. पहिल्या महिन्यात व्याज दोनशे रुपये, दुसऱ्यात एकशे ऐंशी, असे उतरत दहाव्या महिन्यात वीस. बेरीज अकराशे रुपये होते. म्हणजे दहा महिन्यांत त्या बाई गटाला अकरा हजार शंभर रुपये परत करतील, आणि हा आकडा यंत्र घरी येण्याआधीच ठरलेला आहे.

आता या एकाच पैशाकडे दोन बाजूंनी पाहावे. उरलेल्या नऊ जणींनी शंभर-शंभर रुपये बाजूला ठेवले, ही त्यांची बचत. आपले किती, ते केव्हा मिळणार आणि त्यावर व्याज काय, हे त्यांना आधीच माहीत आहे. यंत्र चालो न चालो, त्यांचे येणे बदलत नाही. यंत्र घेणाऱ्या बाईंचे तसे नाही. लग्नसराईत ब्लाउज आणि परकर भरपूर शिवायला आले, दोरा, अस्तर आणि वीज वजा जाता महिन्याला पंधराशे सुटू लागले, तर हप्ता जाऊन थोडे उरेल आणि अकराव्या महिन्यापासून सगळे पंधराशे त्यांचे. शेजारच्या गल्लीत आणखी दोघींनी यंत्रे घेतली आणि महिन्याला तीनशेच सुटले, तरी पहिल्या महिन्याचा बाराशेचा हप्ता चुकत नाही. तो मग घरखर्चातून जातो. त्यांनी गुंतवणूक केली आहे. आणि गुंतवणुकीत आधी ठरते ते फक्त काय घातले. काय निघेल ते नंतर कळते. अनिश्चिततेचा सगळा भार एकीने उचलला म्हणून नऊ जणींना निश्चिंतता मिळाली. ती निश्चिंतता फुकटची नव्हे. नऊ जणींनी त्या बदल्यात यंत्राच्या जास्तीच्या कमाईवरचा हक्क सोडला. यंत्राने वर्षाला पंचवीस हजार मिळवून दिले म्हणून त्या शेकडा दोनाऐवजी शेकडा चार मागू शकत नाहीत. मोठ्या बँकेतही हेच चालते, फक्त ठेवीदार आणि यंत्रवाली एकमेकींना ओळखत नाहीत.

फरक असा मांडला की पहिला आक्षेप लगेच येतो. हे सगळे ठीक, पण शेवटी गुंतवणुकीत जास्त मिळते आणि बचतीत कमी, मुलांना तेवढे कळले म्हणजे झाले की. हा आक्षेप खोटा आहे असे नाही, तो अर्धवट आहे, आणि अर्धवटपणा कुठे आहे ते दाखवायला आपल्याच बाजाराचे आकडे पुरतात. जानेवारी २००८ च्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स २०,८७० च्या घरात होता. सगळीकडे तेजी होती, आणि एरवी ज्यांनी शेअरचे नाव काढले नसते अशी माणसेही रांगेत उभी होती. चौदा महिन्यांनी, ९ मार्च २००९ रोजी, तोच निर्देशांक ८,१६० वर बंद झाला. जानेवारी २००८ मध्ये एखाद्याने वीस हजार रुपये या निर्देशांकाच्या प्रमाणात लावले असते, तर मार्च २००९ मध्ये त्याचे सुमारे सात हजार आठशे उरले असते. पुढे बाजार सावरला. जानेवारी २०१८ मध्ये निर्देशांक ३४,४०० च्या आसपास होता, म्हणजे दहा वर्षे कळ काढणाऱ्याचे वीस हजार साधारण तेहेतीस हजार झाले. त्यात लाभांश मिळवला तर आणखी थोडे. याच दहा वर्षांसाठी कोणी आठ टक्के दराची मुदत ठेव केली असती, तर कर सोडून विचार करता त्रेचाळीस हजार झाले असते. उलट ज्याने मार्च २००९ च्या तळाला वीस हजार लावले, त्याचे मार्च २०१९ मध्ये नव्वद हजारांच्या आसपास झाले. दोघांनी दहा-दहा वर्षे वाट पाहिली, दोघांची कंपन्यांची यादीही जवळपास तीच. एकाचे दीडपटीहून थोडे अधिक झाले, दुसऱ्याचे साडेचारपट.

या दोन आकड्यांतून जे निघते ते तीस वर्षांच्या कोटीच्या हिशेबात कधीच दिसत नाही. तो हिशेब करणारा दरसाल बारा टक्के असा एक दर धरतो आणि चक्रवाढीचे सूत्र लावतो. मुदत ठेवीला ते सूत्र लागू पडते, कारण तिथे दर हा कराराचा भाग असतो. शेअर किंवा शिलाई यंत्राच्या बाबतीत दर कोणी कबूल केलेला नसतो. घडून गेल्यावर मागे वळून जो काढता येतो, त्याला तिथे दर म्हणतात. दरमहा थोडे थोडे टाकल्याने चढ्या आणि उतरत्या अशा दोन्ही भावांत खरेदी होते, आणि २००८ सारख्या एकाच चुकीच्या मुहूर्ताचा फटका सौम्य होतो, हे खरे. एसआयपीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे एवढे म्हणणे मान्य करावेच लागते. पण हप्त्याने घेतल्यामुळे वाट्याचे येणे होत नाही. दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो, असेही भाषणात म्हणतात. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ अखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षे ही कोणत्याही शाळकरी मुलाच्या दृष्टीने दीर्घ मुदतच आहे. जपान हा काही कंगाल देश नव्हे, त्याच्या कंपन्याही बुडाल्या नव्हत्या. फक्त १९८९ साली त्या कंपन्यांच्या वाट्याची किंमत त्यांच्या कमाईच्या मानाने फार चढली होती. वाटा चांगल्या गोष्टीत असला तरी तो काय भावाने घेतला हा प्रश्न उरतोच. ठेवीदाराला असा प्रश्न कधी पडत नाही.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट दिशेने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. बचत निश्चित असते, पण महागाई तिला कुरतडते. मग मुलांना निश्चिततेचे गुण गाऊन दाखवणे ही त्यांची फसवणूक नाही का? मार्च २००३ पासून मे २०११ पर्यंत आपल्याकडे बचत खात्याचा व्याजदर साडेतीन टक्के होता, आणि तो रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला असल्यामुळे सगळ्या बँकांत सारखाच होता. या आठ वर्षांत खात्यात पडून राहिलेले वीस हजार साधारण सव्वीस हजार तीनशे झाले. पण औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने पाहिले, तर त्याच काळात किमती पाऊणपटीने वाढल्या. २००३ मध्ये वीस हजारांत जे सामान येई, त्याला २०११ मध्ये पस्तीस हजार लागत होते. पासबुकात दर सहामाहीला व्याज जमा होत होते, आकडा एकदाही खाली आला नाही, आणि तरीही पैशांची चौथाई ताकद गेली. ठेवीदाराचे येणे रुपयांत ठरलेले असते. त्या रुपयात काय मिळेल, याची हमी बँकेने दिलेली नसते.

म्हणजे धोका दोन्हीकडे आहे. पण त्याचे रूप वेगळे आहे, आणि मुदतीनुसार तो उलटसुलट वागतो. सातवीच्या वर्गातली चाळीस मुले सहलीसाठी दहा महिने प्रत्येकी पन्नास रुपये साठवतात, त्याचे वीस हजार होतात. या दहा महिन्यांत महागाईने फार तर हजार-बाराशेची झीज होईल, बसचे भाडे थोडे वाढेल, डब्यात एक पदार्थ कमी होईल. तेच पैसे शेअरमध्ये लावले आणि ते २००८ चे वर्ष निघाले, तर सहलच रद्द. सहलीचा पैसा ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेत हातात पडायला हवा, आणि तारीख पुढे ढकलता येत नाही. तो पैसा बचतीतच ठेवावा लागतो, व्याज कितीही कमी असले तरी. याउलट ज्या पैशाला पंधरा-वीस वर्षे कोणी हात लावणार नाही, त्याच्या बाबतीत दहा महिन्यांतली क्षुल्लक झीज साठत साठत मोठी होते, आणि भावातल्या चढउतारांना मात्र सावरायला वेळ मिळतो. मिळतो, पण मिळेलच असे नाही, हे जपानने दाखवले. म्हणून कोणते चांगले, या प्रश्नाला उत्तर नाही. पैसा केव्हा लागणार आहे आणि त्या दिवशी कमी पडला तर काय होईल, या प्रश्नाला उत्तर असते, आणि सातवीतल्या मुलालाही ते देता येते.

इथे ठेवीदाराच्या निश्चिंततेला आणखी एक अट जोडायला हवी. येणे हे देणाऱ्याइतकेच भक्कम असते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पासबुकातला आकडा होता तसाच होता, पण तो हातात पडत नव्हता. बँकेने कर्जाचा अवाढव्य भाग एकाच बांधकाम समूहाला दिला होता आणि तो दडवला होता. आपले पैसे कुठे गेले आहेत हे खातेदारांना ठाऊक नव्हते. आणि ठेवीदाराला ते ठाऊक असण्याची गरज पडू नये, यावरच तर ठेव उभी असते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक एका लघु वित्त बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या रकमांच्या ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने, काहींना दहा वर्षांपर्यंत थांबण्याची योजना मिळाली. दरम्यान फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एका खातेदाराला एका बँकेत एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. हा विमा बँकांच्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात, पण गावोगावच्या पतसंस्था येत नाहीत. महाराष्ट्रातल्या किती घरांत हा फरक माहीत असेल कोण जाणे. पाटीवर दोन्हीकडे लक्ष्मी किंवा गणपती असतो आणि दोन्हीकडे पासबुक मिळते. बचत गटातही असेच. यंत्रवालीने हप्ते थांबवले तर नऊ जणींचे येणे कागदावर राहील. गट हप्त्यांसाठी तगादा लावतो, आणि कर्ज देण्याआधी तिच्या घरची परिस्थिती, गिऱ्हाईक, आधीचे हप्ते हे सगळे बघतो, ते याचसाठी. बँकेच्या बाबतीत हे बघण्याचे काम आपण रिझर्व्ह बँकेवर सोपवलेले असते.

आणि हा फरक शाळेतच सांगावा, याचे सर्वांत मोठे कारण इथे सापडते. आर्थिक फसवणुकीच्या बहुतेक योजना या दोन गोष्टींची सरमिसळ करूनच उभ्या राहतात. त्या ठेवीची निश्चितता आणि वाट्याचा नफा एकाच ताटात वाढतात. महिन्याला पाच टक्के, लेखी हमी, मुद्दल केव्हाही परत. ठेव म्हणून पाहावे तर एवढा दर देणारा ऋणको जगात नाही, कारण वर्षाला साठ टक्के व्याज फेडता येईल असा सचोटीचा धंदा क्वचितच असतो. वाटा म्हणून पाहावे तर दर महिन्याला तोच आकडा येणे अशक्य, कारण कोणत्याही दुकानाची, शेताची किंवा कारखान्याची कमाई बारा महिने सारखी नसते. मग पैसे येतात कुठून? नव्या माणसाचे जुन्याला दिले जातात, आणि नवी माणसे कमी पडू लागली की कार्यालयाला कुलूप लागते. पहिल्या तीन-चार महिन्यांचे पैसे वेळेवर मिळतात, तोच तर सापळा असतो. ज्याला मिळाले तो शेजाऱ्याला घेऊन येतो. अशा गुंतवलेल्यांच्या हितासाठी महाराष्ट्राला १९९९ साली स्वतंत्र ठेवीदार संरक्षण कायदा करावा लागला. कायद्याने मालमत्ता जप्त होते, खटले वर्षानुवर्षे चालतात, थोडेफार परत मिळते. त्याऐवजी मुलीने घरी एवढेच विचारले तर बरे: बाबा, ते आपले देणे लागतात का आपण त्यांच्या धंद्यात वाटेकरी आहोत? देणे लागत असतील तर त्यांच्यावर देखरेख कोणाची? वाटेकरी असू तर दर महिन्याला तोच आकडा कसा येतो? फसव्या योजनेच्या प्रतिनिधीपाशी या तीन प्रश्नांना एकत्र बसणारे उत्तर नसते.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. प्रत्यक्षात सीमारेषा इतकी स्वच्छ नाही, असे ते म्हणतील. नोकरदाराला दर वर्षअखेरीस कार्यालयात ‘गुंतवणुकी’चे पुरावे द्यावे लागतात, आणि त्या कागदांत भविष्य निर्वाह निधी असतो, विम्याचा हप्ता असतो, मुलांच्या शाळेची फीसुद्धा असते. आयकराच्या जुन्या पद्धतीत या सगळ्यांना एकाच कलमाखाली वजावट मिळत आली, म्हणून घराघरांत पीपीएफला गुंतवणूक म्हणण्याची सवय पडली. पण कर खात्याने एका रांगेत बसवले म्हणून वस्तूची जात बदलत नाही. पीपीएफमध्ये सरकार आपले देणे लागते, दर सरकार तिमाहीला जाहीर करते, मुदत पंधरा वर्षे. ती लांब पल्ल्याची बचत आहे, आणि चांगली बचत आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक दुसऱ्या बाजूने हरकत घेतील. त्यांच्या लेखी गुंतवणूक म्हणजे नवे भांडवल उभे राहणे: यंत्र, इमारत, विहीर. बाजारात एकाने विकलेला जुना शेअर दुसऱ्याने घेतला तर कंपनीला दमडीही मिळत नाही, फक्त मालक बदलतो. ही हरकत मला रास्त वाटते, आणि भाषणात तिचा उपयोगही होतो. गुंतवणूक म्हणजे शेअर बाजार, हे समीकरण तिने मोडते. प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे भाग घेतले, आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीला कारखान्याची चाके फिरली. त्या भागांवर कोणी व्याज कबूल केले नव्हते. उसाला जवळ गाळप मिळेल, भाव बरा मिळेल, कारखाना बुडाला तर भागही बुडेल, हे ठाऊक असून पैसे घातले गेले. ती गुंतवणूक प्राध्यापकांच्या अर्थानेही खरी आणि आपल्या अर्थानेही. जुना शेअर घेणारा नवे काही उभारत नाही, तरी तो एका चालत्या धंद्याच्या फळाचा वाटेकरी होतो, म्हणून माझ्या विभागणीत तो भागीदारांच्याच बाजूला बसतो.

राहिला आक्षेप परिस्थितीचा. ज्या शाळेत निम्म्या मुलांचे आईवडील रोजंदारीवर जातात, तिथे हे बोलणे म्हणजे चैन नाही का? उलट, हातावर पोट असलेल्या घराला या फरकाची गरज अधिक असते, कारण तिथे चूक सोसायला जागा नसते. असे घर गुंतवणूक करतेच: शेळी घेते, हातगाडी घेते, मोटार दुरुस्तीची हत्यारे घेते. आणि नेमका घोटाळा असा होतो की आजारपणासाठी ठेवलेला पैसाही शेळीत जातो. शेळी दगावली किंवा पोर आजारी पडले आणि शेळी पडत्या भावाने विकावी लागली, की दोन्ही जाते. आधी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाचे येणे कुठे तरी सुरक्षित ठेवणे आणि मगच शेळी घेणे, हा क्रम श्रीमंतापेक्षा गरिबाला जास्त लागू आहे. बाकी मुलांच्या हातात पैसा नसतो, हे आता पूर्वीइतके खरे नाही. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना दिली. शेअरचे खाते मात्र अठराव्या वर्षापर्यंत पालकच चालवतात. पण मोठ्या भावाच्या फोनवर हिरवे-लाल आकडे बघत बसलेली नववीतली पोरे आहेतच. भाऊ जे करतो ते बहुधा फ्युचर्स आणि ऑप्शन्स. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे आढळले. तिथे कोणी देणे लागत नाही आणि कशात वाटाही नसतो. एकाने कमावले तेवढे दुसऱ्याने गमावलेले असते, वर दलाली आणि कर दोघांकडून जातो. त्याला सट्टा म्हणतात. भाषणात त्यासाठी एकच वाक्य पुरे, पण ते असायला हवे, कारण फोनवर त्याचेही नाव गुंतवणूकच असते.

सगळ्यात अवघड प्रश्न भाषणानंतर एखादी मुलगी हमखास विचारेल: मग आजीच्या पाटल्या कशात धरायच्या? सोने कोणाचे देणे नाही, म्हणून ते बचत नव्हे. सोने काही पिकवत नाही, शिवत नाही, गाळत नाही, म्हणून त्याला वाटाही म्हणता येत नाही. दहा तोळे वीस वर्षांनी दहा तोळेच राहतात. त्यातून जे मिळते ते पुढचा माणूस किती देईल त्यावर, आणि तो फार काळ कमी देऊ शकतो. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात औंसाला साडेआठशे डॉलर झालेला भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडावे लागले. मधल्या काळात रुपया डॉलरपुढे घसरत गेला, म्हणून आपल्याकडच्या आजीला तो खड्डा तितका जाणवला नाही. पण बँक, सरकार आणि धंदा या तिघांपैकी कोणावरच पूर्ण विश्वास टाकता येत नाही, तेव्हा माणसे सोने धरून ठेवतात, आणि गहाण टाकून त्यावर तासाभरात कर्ज मिळते, हेही खरे. पाटल्यांना दोन्ही रकान्यांत जागा नाही, असे त्या मुलीला मोकळेपणाने सांगावे, आणि आजीने त्या कोणत्या साली आणि कशाच्या भीतीने केल्या, ते तिलाच घरी विचारायला लावावे.